आषाढातला ग्रीष्म

"बाई, आषाढात तर पाऊस असतंय की. मग ग्रीष्म कसं काय?"

मंद्रूपकडून एसटीने येणारा सहावीतला मुलगा होता. मी फळ्यावर दरवर्षीप्रमाणे तक्ता लिहिला होता. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. चाळीस मुलं तो वहीत उतरवून घेत होती आणि हा एकटा पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होता. आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी आमच्या सोलापुरातून जाते. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेतलेले वारकरी त्याने रस्त्यात पाहिले असणार. मी म्हणाले, "पुस्तकात असंच आहे, पाठ कर." त्याने पाठ केलं आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळाले.

तो प्रश्न माझ्याजवळच राहिला. नोकरी संपल्यावर वडिलांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा त्याच्याकडे नीट बघायला सवड मिळाली. पेटीत आप्पांची जुनी पंचांगं होती, सगळी दाते पंचांगं. ती आमच्या सोलापुरातच तयार होतात, त्यामुळे घरात दुसरं पंचांग कधी आलंच नाही. आप्पा पंचांगाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी करायचे. 'लिंब झडू लागला.' 'पहिला हुरडा.' 'उत्तरा, ओल वीतभर.' मुहूर्त आणि तिथ्या छापलेल्या, आणि त्यांच्या शेजारी आमच्या रानाचं वर्ष हाताने लिहिलेलं.

त्या नोंदी वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं, की पंचांगात ऋतू दोनदा सुरू होतो. एक आपला पाठ केलेला चांद्र ऋतू, दोन-दोन महिन्यांचा. शिवाय २० एप्रिलच्या आसपास बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'सौर ग्रीष्म ऋतू प्रारंभ'. २१ जूनला 'सौर वर्षा ऋतू प्रारंभ'. ही ओळ मी आयुष्यभर पाहिली होती आणि तिच्यावर कधी थांबले नव्हते.

हे दोन हिशेब का, ते आधी सांगते. आपला महिना चंद्राचा. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो, त्याचं नाव महिन्याला: चित्रा म्हणून चैत्र, विशाखा म्हणून वैशाख, मघा म्हणून माघ. असे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. ऋतू मात्र सूर्याचा, त्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढली नाही तर काय होतं, ते आमच्या शेजारच्या भाभींच्या घरी दिसतं. त्यांच्या पंचांगात अधिक महिना नाही. २०१८ साली रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला होता, सोलापूरच्या ऐन उन्हात, आणि संध्याकाळी भाभी अंगणात पाणी मारून इफ्तारची वाट बघत बसायच्या. यंदा रमजान फेब्रुवारीत आला. साधारण तेहतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. आपला श्रावण तसा फिरत नाही, कारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून आपण चंद्राला सूर्याबरोबर आणून उभं करतो.

पण ही जुळणी महिन्याभराच्या हिसक्याने होते. मधल्या काळात महिने मागे-पुढे सरकतात आणि त्यांना बांधलेले ऋतूही त्यांच्याबरोबर सरकतात. २०२५ साली आषाढी ६ जुलैला होती. २०२६ साली ती २५ जुलैला आहे, कारण शके १९४८ मध्ये ज्येष्ठ अधिक आला आहे. आता आपला तक्ता या वर्षाला लावून बघा. अधिक ज्येष्ठ १७ मेला सुरू होतो, मग निज ज्येष्ठ, मग आषाढ, आणि आषाढी अमावस्या येते १२ ऑगस्टला. म्हणजे चांद्र हिशेबाने यंदा ग्रीष्म ऋतू ८८ दिवसांचा आहे आणि तो १२ ऑगस्टपर्यंत चालणार. त्या मंद्रूपच्या पोराने यंदा प्रश्न विचारला असता, तर तो आणखी मोठ्या आवाजात विचारला असता.

सौर हिशेब असा हलत नाही. सूर्याच्या वर्तुळाचे साठ-साठ अंशांचे सहा भाग करायचे, एक भाग एक ऋतू. वसंत साधारण १८-१९ फेब्रुवारीपासून, ग्रीष्म २० एप्रिलपासून, वर्षा २१ जूनपासून, शरद २३ ऑगस्टपासून, हेमंत २३ ऑक्टोबरपासून आणि शिशिर २२ डिसेंबरपासून. एखाद्या दिवसाचा फरक पडेल, बाकी तारखा दरवर्षी त्याच.

पाश्चात्त्यांचे चार ऋतूही याच वर्तुळातून कापलेले आहेत, पण नव्वद-नव्वद अंशांचे. २० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान झाली की त्यांचा स्प्रिंग सुरू, २१ जूनला सर्वांत मोठा दिवस आला की समर, २३ सप्टेंबरला ऑटम, २२ डिसेंबरला विंटर. दोन्ही कागदावर शेजारी मांडले, तेव्हा मला एक गंमत दिसली. आपल्या आणि त्यांच्या सीमा फक्त दोन ठिकाणी जुळतात, २१ जूनला आणि २२ डिसेंबरला. म्हणजे दक्षिणायनाच्या आणि उत्तरायणाच्या आरंभी. दिवस-रात्र समान होते तो मार्चमधला दिवस त्यांच्याकडे वसंताचा पहिला दिवस, तर आपल्या सौर हिशेबात वसंताचा ऐन मध्य. सप्टेंबरमधला तसाच दिवस आपल्या शरदाचा मध्य. स्प्रिंग म्हणजे वसंत असं आपण सहज म्हणतो, पण स्प्रिंगची सुरुवात होते तेव्हा आपला वसंत अर्धा झालेला असतो.

कापण्यातला फरक एकवेळ समजून घेता येईल. त्याहून मोठा फरक ऋतू कशामुळे होतो, यात आहे. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, जूनमध्ये साडेसोळा तासांचा. दुपटीचा फरक. तिथे सूर्य हाच ऋतू आहे. तो किती वर येतो आणि किती वेळ थांबतो, यावर झाडापासून माणसापर्यंत सगळ्यांचं वर्ष ठरतं. सोलापुरात डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा आणि जूनचा सव्वातेरा तासांच्या आतला. दोन तासांनी काय एवढा ऋतू बदलणार?

आणि ही गोष्ट तर आपल्या सावलीवरून पाहता येते. सोलापुरात सूर्य वर्षातून दोनदा भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. दोन्ही वेळा अंगणातल्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच गोळा होते. सूर्याच्या हिशेबाने हे दोन दिवस सारखेच. पण मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे आणि ऑगस्टमध्ये ३१-३२ वर. मधे फक्त पाऊस येऊन गेलेला असतो. नैर्ऋत्येचा वारा ढग घेऊन आला, जमीन भिजली, आणि डोक्यावरचा तोच सूर्य निवला. नुसत्या सूर्यावर बांधलेल्या चार ऋतूंत या पावसाला घरच नाही. म्हणून आपल्याकडे वर्षा हा स्वतंत्र ऋतू करावा लागला. आपल्या हवामान खात्याचेसुद्धा ऋतू चारच आहेत, पण पाश्चात्त्यांचे नव्हेत: जानेवारी-फेब्रुवारी थंडी, मार्च ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर मोसमी पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस परतल्यानंतरचा काळ. त्यांनाही पावसाला चार महिने वेगळे काढून द्यावे लागले.

शरदाचं तर आपण फार नुकसान केलं आहे. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. तिच्या पुस्तकात ऑटमच्या पानावर लाल-पिवळ्या पानांचा सडा आहे. ती म्हणाली, "आज्जी, ऑटम म्हणजे शरद ना? मग आपल्या झाडांची पानं दिवाळीत का गळत नाहीत?" मी तिला गच्चीवर नेलं. आश्विनातला दिवस होता. समोरचा लिंब काळपट हिरवा, गच्च, वर्षातला सर्वांत भरलेला. आकाश धुतल्यासारखं, आणि ऊन असं की हात कठड्यावर ठेवता येईना. आपला शरद हा असा, दिवसा चटका देणारा आणि रात्री कोजागरीचं चांदणं ओतणारा. पानगळीशी त्याचा काही संबंध नाही.

थंड देशांतली झाडं पानं टाकतात ती येणाऱ्या थंडीच्या भीतीने. दिवस लहान होऊ लागले, गारठा वाढला, की झाड पानातलं हिरवं परत घेतं आणि पान सोडून देतं. आपलं झाड घाबरतं कोरडेपणाला. पावसाळा संपला तरी काळ्या जमिनीत ओल असते, ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत पुरते. मग वरचा थर सुकतो, हवा कोरडी होते, आणि पानांतून उडणारं पाणी झाडाला परवडेनासं होतं. तेव्हा, माघ-फाल्गुनात, ते पानं सोडतं. म्हणून आपल्याकडे पानगळीचा ऋतू शिशिर आहे. आणि गंमत अशी की पाऊस तीन-साडेतीन महिने लांब असताना, उन्हाळा नुसता तोंडावर आलेला असताना, त्याच लिंबाला तांबूस पालवी फुटते आणि पाडव्याला गुढीला बांधायला कोवळा डहाळा तयार असतो. त्याची मुळं खोल असतात, ती खालचं पाणी गाठतात. स्प्रिंगमध्ये झाडं जागी होतात ती उबेने, थंडी सरली म्हणून. आपली पालवी येते ती उन्हाळ्याच्या दारात. आप्पांच्या नोंदींत 'लिंब झडू लागला' हे वाक्य जवळजवळ दरवर्षी फेब्रुवारीच्या पानावर आहे, सौर वसंताच्या ओळीच्या थोडं आधी किंवा थोडं नंतर.

हेमंत आणि शिशिर वेगळे का मानायचे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता. ऐतरेय ब्राह्मणात ऋतू पाचच सांगितले आहेत, हेमंत आणि शिशिर एकत्र धरून. सोलापूरच्या माणसाला मात्र हे दोन वेगळे करायला पंचांग लागत नाही. शाळू हिरवा आहे तोवर हेमंत. कणसात दुधाळ दाणे, पहाटे पानांवर दव, वेळ अमावस्येला रानात नेलेली आंबील आणि भज्जी, आगटीत भाजलेला हुरडा. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात तेव्हा गड्ड्यावर गार वारा असतो. मग पंधरा-वीस दिवसांत शाळूची पानं करपत खालून वर येतात, वाऱ्याला कोरडा आवाज येतो, आणि शिशिर लागलेला कळतो.

आता मूळ प्रश्न. आषाढ कुणाचा?

उत्तर मला वैद्यकाच्या ग्रंथात सापडलं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सहाव्या अध्यायात ऋतूंच्या एक नव्हे, दोन याद्या आहेत. पहिली माघापासून सुरू होणारी, तप-तपस्य, मधु-माधव अशी महिन्यांची वैदिक नावं घेणारी आणि आपल्या तक्त्याशी जुळणारी. पण लगेच पुढे दुसरी यादी येते. शरीरातले दोष केव्हा साठतात, केव्हा उसळतात आणि केव्हा शमतात, ते सांगण्यासाठी केलेली. तिच्यात शिशिर नाही. भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद, पौष-माघ हेमंत, फाल्गुन-चैत्र वसंत, वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म, आणि आषाढ-श्रावण प्रावृट्.

प्रावृट् म्हणजे पावसाची सुरुवात. मुख्य पावसाच्या आधीचा, त्याची चाहूल घेऊन येणारा स्वतंत्र ऋतू. ज्या वैद्याला माणसाच्या पोटाचा आणि तापाचा हिशेब ठेवायचा होता, त्याला आषाढ ग्रीष्मात ढकलून चाललं नाही. त्याच ग्रंथात, त्याच अध्यायात त्याने पाठ करायची यादी जपली आणि कामाची यादी वेगळी मांडली.

ही दुसरी यादी मी आप्पांच्या नोंदींशेजारी ठेवली आणि थक्क झाले. आमचं सोलापूर पर्जन्यछायेतलं. सह्याद्रीने पश्चिमेचा पाऊस बराचसा अडवलेला असतो. मृगात एखादी सर येते, रान ओलं होतं, मग आषाढ-श्रावणात नुसती भुरभुर, ढग आणि वारा. कोकणातले पाहुणे या दिवसांत आले की विचारतात, तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का? आमचा खरा पाऊस सप्टेंबरचा. वर्षातला सर्वांत जास्त पाऊस याच महिन्यात. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा, दुपारी भरून येऊन विजा-गडगडाटासह कोसळणारा, ज्याला आम्ही हत्तीचा पाऊस म्हणतो. भाद्रपद-आश्विनातला. सुश्रुताच्या दुसऱ्या यादीत वर्षा नेमकी तिथेच आहे.

आणि आमचं सगळं वर्ष त्या पावसावर उभं असतं. आमचं मुख्य पीक शाळू, रब्बीची मालदांडी. ते पावसात उगवत नाही, पाऊस गेल्यावर काळ्या रानात साठलेल्या ओलीवर वाढतं. लोक म्हणतात शाळू दवावर येतो. दवाने गारवा राहतो हे खरं, पण पोसते ती खालची ओल. त्यामुळे पेरणीची वेळ फार अरुंद. हत्तीचा पाऊस झाल्यावर लगेच तिफण घातली तर रानाला वापसा नसतो, चिखल फणाला धरतो आणि बी कुजतं. आठ-दहा दिवस जास्त थांबलं तर शरदाचं ऊन वरची ओल ओढून घेतं आणि बी कोरड्यात पडतं.

आप्पा ती वेळ कशी ओळखायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी लवकर रानात जाऊन ते अनवाणी चालायचे. पायाला माती चिकटून चपलेसारखा थर धरला, तर परत फिरायचे. नाही चिकटली, तर बसून हाताने वीतभर उकरायचे, खालची मूठभर माती घेऊन दाबायचे. गोळा झाला पाहिजे, आणि अंगठ्याने रेटला की तो फुटलाही पाहिजे. नुसता दबला तर अजून ओला. मुठीतच भुरभुरला तर उशीर झाला. तो गोळा फुटला की ते माती झटकत उठायचे आणि एवढंच म्हणायचे, "उद्या." घरी येऊन पंचांगात नोंद व्हायची, 'ओल वीतभर.' शेजारी छापलेलं असायचं, शरद ऋतू. आप्पांनी ते कधी खोडलं नाही आणि त्याला विचारून पेरणीही कधी केली नाही.

म्हणून मला आता पाठ केलेला तक्ता चुकीचा वाटत नाही. त्याने सहा नावं आणि बारा महिने पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी ठेवले. पण तो फळ्यावर एकटा लिहायला नको होता. त्याच्या शेजारी सौर तारखांची एक ओळ आणि सुश्रुताची दुसरी यादी लिहिली असती, तर त्या मुलाने पेन उचललं असतं.

पाडवा १९ मार्चला आहे. नवं पंचांग नव्या पेठेतून आणलं आहे. अंगणातला लिंब झडतो आहे, झाडलेलं अंगण तासाभरात पुन्हा पिवळं होतं. फाल्गुनाच्या पानावर मी तशी नोंद केली. मग पानं उलटत आषाढावर गेले. १५ जुलै ते १२ ऑगस्ट. त्या पानाच्या समासात, आप्पांसारख्याच बारीक अक्षरात, पेन्सिलीने 'प्रावृट्' लिहून ठेवलं आहे. खाली पावसाच्या नोंदीसाठी जागा मोकळी सोडली आहे.